गायरानाला विसावा कधी द्यायचा?

आमच्या शेळीपालन गटाने रेडिओवर दोन आठवडे गायरानाबद्दल जे सांगितलं, ते अनेकींनी लिहून मागितलं, म्हणून इथे एकत्र देत आहोत. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावाचं गायरान २४ एकर, हलक्या उताराचं, मुरमाड. त्यावर आमच्या गटातल्या आणि गटाबाहेरच्या मिळून ११० शेळ्या चरतात. आमच्यातल्या काहीजणींना स्वतःची दोन-चार एकर जमीन आहे, काहींना गुंठाभरही नाही. ज्यांना जमीन नाही, त्यांच्या शेळ्यांची वैरण म्हणजे हे गायरानच.

आधी आमची चूक सांगतो. गायरान उजाड होत चाललंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. म्हणून आम्ही ठरवलं की त्याला विसावा द्यायचा, आणि संक्रांतीपासून मे महिन्याअखेरपर्यंत एक तुकडा बंद ठेवला. पाच महिने बायकांनी शेळ्या घेऊन लांब लांब पायपीट केली. पहिला पाऊस पडला, हिरवं दिसायला लागलं आणि त्याच आठवड्यात आम्ही तो तुकडा मोकळा केला. दिवाळीला मोजलं तर फरक शून्य. सगळे कष्ट वाया गेले होते. का गेले, हे समजायला आम्हाला गवताकडे आणि मातीकडे जरा खाली वाकून बघावं लागलं.

पावलांनी केलेली मोजणी

गायरान चांगलं आहे की वाईट, हे नुसत्या नजरेने कळत नाही. श्रावणात सगळंच हिरवं दिसतं. पण त्यातलं किती गवत आणि किती तरोटा, हे लांबून ओळखू येत नाही. शेळीला तरोट्याचा उपयोग नाही, आणि मार्गशीर्षापर्यंत तो वाळून जमीन पुन्हा उघडी पडते. म्हणून मोजायचं.

मोजायला लागते एक चप्पल, एक वही आणि दोघीजणी. चपलेच्या पुढच्या टोकाला मधोमध खडूने एक खूण करायची. गायरानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे सरळ चालायचं. लांबचं एखादं झाड धरून चाललं की वाट वाकडी होत नाही. दर दुसऱ्या पावलाला थांबायचं आणि त्या खुणेच्या बरोबर समोर, सुईच्या टोकाएवढ्या जागी काय आहे ते बघायचं. वरून बघताना जे पहिल्यांदा दिसेल तेच सांगायचं. दुसरीने वहीत रेघ मारायची. असं शंभर वेळा थांबलं की जितक्या रेघा तितके टक्के, वेगळा हिशेब करायला नको.

वहीत आम्ही सहा रकाने केले: उघडी माती, दगड, पालापाचोळा आणि वाळलेली काडी, तण, एका पावसाळ्याचं गवत आणि बारमाही गवताचा ठोंब. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं महत्त्वाचं आहे. एका पावसाळ्याचं गवत उपटलं तर चिमटीने सहज निघून येतं. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं ठोंब धरून असतात. त्यांचं मूळ उन्हाळाभर जमिनीत जिवंत राहतं आणि ओढलं तरी हाताला येत नाही. गायरान खचायला लागलं की आधी हे ठोंब कमी होतात. मग त्यांच्या जागी एका पावसाळ्याचं गवत येतं, मग तण, आणि शेवटी उघडी माती.

मोजताना एक मोह होतो. पाऊल उघड्या मातीवर पडलं आणि शेजारीच छान ठोंब असला, की वाटतं तोच लिहावा. लिहायचा नाही. समोर आहे तेच लिहायचं. आणि एकच रेघ चालून भागत नाही. वाटेजवळ, मधे आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, अशा तीन वेगळ्या जागी तीन रेघा चालायच्या आणि सरासरी काढायची.

पहिल्या दिवाळीला आमची सरासरी अशी आली: उघडी माती ४६, दगड १२, पालापाचोळा ९, तण १८, एका पावसाळ्याचं गवत ११ आणि बारमाही ठोंब फक्त ४. म्हणजे झाकलेली जमीन शंभरात ४२. मे महिन्यात त्याच तीन रेघा पुन्हा चाललो, तेव्हा झाकण २१ वर आलं होतं. खरी कसोटी मे महिन्याचीच, कारण वळवाचा जोरदार पाऊस त्याच जमिनीवर पडतो. उताराच्या जमिनीवर निम्म्याहून कमी झाकण असेल तर माती वाहून जाणार असं धरून चालावं.

सळईने तपासलेला कडकपणा

वरचं झाकण मोजून झालं, आता खालचं. शेळी हलकी असते, पण तिचं खूर लहान, त्यामुळे सगळा भार इवल्याशा जागेवर येतो. कोरड्या मातीवर त्याने फारसं काही होत नाही, फक्त धूळ उडते. माती ओली असताना मात्र खुराखाली तिच्यातल्या हवेच्या आणि पाण्याच्या वाटा दबून बंद होतात. जनावरांच्या पायाने बसलेला हा थर सहसा वरच्या वीतभर मातीतच असतो, पण गवताची बरीचशी मुळंही तिथेच असतात.

बांधकामाच्या ६ मिलिमीटरच्या सळईचा दोन फुटी तुकडा घ्यायचा. धरायला वरचं टोक वाकवून घ्यायचं आणि दर ५ सेंटीमीटरवर रंगाने खूण करायची. चांगला पाऊस होऊन एक-दोन दिवस गेले की माती ओलसर असते, पण चिखल नसतो. तेव्हाच सळई रोवून बघायची. उन्हाळ्यात बघू नका, कारण वाळलेली चांगली मातीसुद्धा सळईला दाद देत नाही. हाताच्या एकसारख्या जोराने दाबायचं, अंगाचा भार टाकायचा नाही. टक्‌ असा आवाज आला तर खाली दगड आहे, ती जागा सोडून वीतभर बाजूला बघायचं. दाबलेली माती आवाज करत नाही, ती हळूहळू अडवते.

आकडा एकटा काही सांगत नाही, त्याला जोडीला जागा लागते. गायरानाच्या कडेला बोरीची दाट जाळी आहे, तिच्यात जनावर शिरत नाही. माती तीच, उतार तोच, फक्त खूर नाही. त्या जाळीत आमची सळई १७ सेंटीमीटर गेली. मोकळ्या गायरानावर दहा ठिकाणची सरासरी ५ सेंटीमीटर आली.

पाणी किती मुरतं ते बघायला आम्ही आतून १५ सेंटीमीटर रुंद असा पत्र्याचा डबा घेतला आणि त्याची दोन्ही तोंडं कापून काढली. वर लाकडी फळी ठेवून तो हलक्या हाताने ठोकत ५ सेंटीमीटर जमिनीत बसवला. आत प्लास्टिकची पिशवी पसरून ४४४ मिलिलीटर पाणी ओतायचं आणि पिशवी हळूच ओढून घ्यायची, म्हणजे पाण्याच्या धारेने माती उखडत नाही. एवढ्या रुंदीच्या डब्यात एवढं पाणी म्हणजे जवळजवळ एक इंच पाऊस. पहिलं पाणी माती भिजायला जातं, त्याची वेळ धरायची नाही. ते मुरलं की तेवढंच पाणी पुन्हा ओतायचं आणि वरची चमक जाईपर्यंत घड्याळ बघायचं.

बोरीच्या जाळीत दुसरं पाणी १५ मिनिटांत मुरलं. गायरानावर त्याला ७० मिनिटं लागली. याचा अर्थ असा की वळवाचा पाऊस तासाभरात दीड इंच पडला, तर जाळीतली जमीन तो सगळा पिते. गायरानाच्या पोटात मात्र इंचभरही जात नाही, आणि उरलेला पाऊस मातीसकट ओढ्याला जातो. आम्ही म्हणत होतो की पाऊसच कमी झाला. पडलेल्यातला निम्म्याच्या आसपास पाऊस आमच्या पायाखालून निघून जात होता.

शेवटी खुरप्याने वीतभर खोल खड्डा घेऊन बघा. वरचा नखाएवढा थरच कडक आहे आणि खाली माती भुसभुशीत आहे, तर ती पावसाच्या थेंबांनी बसलेली खपली. वीतभर माती पापुद्र्यांसारखी आडवी सुटते आणि मुळं खाली जाता जाता काटकोनात वळून आडवी पसरलेली दिसतात, तर तो खुरांनी बसलेला थर. खपलीवर उपाय सोपा आहे, जमीन झाकली की ती धरत नाही. दाबलेल्या थराला वेळ लागतो. आमच्याकडे दोन्ही होतं.

मग आमचा विसावा का फसला?

संक्रांतीनंतर कुसळी आणि पवना झोपलेले असतात. वर दिसतं ते वाळलेलं पान, जीव खाली ठोंबात आणि मुळात. त्या काळात शेळ्या लांब ठेवल्याने वाळलेली काडी जमिनीवर राहते, एवढा फायदा असतो. पण गवत त्यामुळे वाढत नाही, कारण ते वाढायच्या अवस्थेतच नसतं.

पहिला पाऊस पडला की ठोंब मुळात साठवलेल्या शिधोरीवर नवं पान काढतो. ते पान मोठं झालं की ते ऊन घेऊन अन्न तयार करतं आणि रिकामी झालेली शिधोरी पुन्हा भरते. नेमकं ते कोवळं पान शेळीने खाल्लं, तर ठोंब उरलेल्या शिधोरीवर पुन्हा पान काढतो. तेही खाल्लं गेलं की मुळं आखडतात. अर्ध्याहून जास्त पाला एका वेळी गेला तर मुळांची वाढ थांबायला लागते. आणि याच दिवसांत माती ओली असते, म्हणजे खुरांनी सर्वांत जास्त दबायचे दिवसही हेच. आम्ही झोपलेल्या गवताला पाच महिने जपलं, आणि ते जागं झालं त्या आठवड्यात त्याच्यावर ११० शेळ्या सोडल्या.

विसावा द्यायचा तो पावसाळ्यात, हे तिथे कळलं. पण पावसाळ्यातच शेळ्या हिरव्याला आसुसलेल्या असतात आणि घरातली वैरण संपलेली असते. म्हणून आधी हिशेब केला.

किती शेळ्या, किती दिवस

जूनमध्ये गायरानावर दहा ठिकाणी एक-एक मीटरचे चौकोन आखून त्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. सप्टेंबरअखेर त्यातलं गवत कापलं, तण वेगळं काढलं, गवत सावलीत वाळवून तराजूत तोललं. एका चौकोनाची सरासरी १२० ग्रॅम भरली. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात, म्हणजे एकरी सुमारे ४८५ किलो. त्यातलं अर्धं गवतासाठी आणि जमिनीसाठी सोडायचं, उरलं एकरी २४० किलो.

गायरानाचे आम्ही ८-८ एकरांचे तीन तुकडे केले. एक पूर्ण बंद, दोन उघडे. उघड्या १६ एकरांत शेळ्यांच्या वाट्याला आलं ३,८४० किलो. आमच्या ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा लागतो. शेळी निम्मं पोट झाडपाल्यावर भरते, म्हणून गवत अर्धा किलो धरलं. ११० शेळ्यांना रोज ५५ किलो. भागून बघा, ७० दिवस. म्हणजे जे गायरान आम्ही वर्षभर चारत होतो, त्याच्या दोन उघड्या तुकड्यांत फक्त सव्वादोन महिन्यांचा चारा होता. हा आकडा फळ्यावर लिहिला, तेव्हा बैठकीत कुणी बराच वेळ बोललं नाही.

ठरलेला क्रम

क्रम असा ठरला. पहिल्या चांगल्या पावसापासून सहा आठवडे गायरानावर एकही जनावर जाणार नाही, तिन्ही तुकड्यांत. नंतर गवत गुडघ्याला लागलं की दुसरा तुकडा उघडायचा. तिथे गवत मुठीएवढं उरलं की, कॅलेंडर न बघता, शेळ्या तिसऱ्यात न्यायच्या. मूठ ठोंबाला लावून बघायची, ही खूण लहान मुलालाही कळते. जोराचा पाऊस झाला की दोन दिवस उघड्या तुकड्यातही शेळ्या न्यायच्या नाहीत. पहिला तुकडा मात्र बी पिकून जमिनीवर पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, पूर्ण बंद. त्यानंतर तिथलं गवत मूठभर उंचीवर विळ्याने कापून डोक्यावरून घरी आणायचं. जनावर तिथे त्या वर्षी जाणारच नाही. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा बंद, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी करून गवत कापून न्यायची पद्धत बसवली, ते ऐकून होतो. पूर्ण बंदी आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून हा पाळीचा मार्ग घेतला.

खरा प्रश्न त्या सहा आठवड्यांचा होता. पहिल्याच बैठकीत चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "तुमच्या बांधाला गवत आहे, माझ्या शेळ्यांनी काय खायचं?" त्यांचं बरोबर होतं. गायरानाच्या विसाव्याचा सगळा भार भूमिहीन बायकांवर पडणार असेल, तर तो विसावा टिकत नाही. रात्री चोरून शेळ्या जातात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. म्हणून जमीनवाल्या बायकांनी सहा आठवडे आपल्या बांधावरचं गवत भूमिहीन बायकांना कापायला मोकळं केलं. तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा उन्हाळ्यातच गटाने एकत्र घेऊन ठेवला आणि शेळ्यांच्या संख्येप्रमाणे वाटला. बांधावर शेवरी लावली. सुबाभळीचा पालाही दिला, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही, कारण नुसत्या सुबाभळीने जनावरांचे केस गळतात.

दुसरा प्रश्न कोकणातून परतणाऱ्या मेंढपाळांचा. दिवाळीच्या सुमाराला गेलेले कळप पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे नेमके बंदीच्या दिवसांत. त्यांना अडवून भांडण झालं असतं. त्यांच्यातल्या जाणत्यांना ग्रामसभेला बोलावलं आणि गायरानाच्या कडेने वाट नेमून दिली. शेतकऱ्यांनी मोकळ्या रानात मेंढ्या बसवून खत घ्यायचं ठरवलं. गायरान गावाचं असतं, एका गटाचं नाही. म्हणून हा सगळा ठराव ग्रामसभेच्या वहीत आहे.

दोन पावसाळ्यांनंतर

पहिल्या तुकड्यात दोन पावसाळ्यांनी पुन्हा त्याच रेघा चाललो. उघडी माती ४६ वरून २७ वर आली. दगड अर्थातच १२. पालापाचोळा १७, तण १३, एका पावसाळ्याचं गवत १८, बारमाही ठोंब १३. झाकण ४२ चं ६१ झालं. ठोंब चाराचे तेरा झाले, याचा आनंद सगळ्यांत जास्त.

मातीचा कडकपणा मात्र इतक्या लवकर हटत नाही. सळई ५ सेंटीमीटर जात होती, ती आता ८ जाते. पाणी मुरायला ७० ऐवजी ४५ मिनिटं लागतात. जाळीतल्या १५ मिनिटांपासून अजून लांबच आहोत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती स्वतःला थोडी मोकळी करते. आमच्या मुरमाडाला भेगा पडत नाहीत. तिथे मुळं, मुंग्या, वाळवी आणि शेणकिडेच हळूहळू वाटा करतात. जाणकार सांगतात की झाकण दोन-तीन वर्षांत येतं, पण मातीला त्याहून जास्त धीर धरावा लागतो.

आणि काही जागा नुसत्या विसाव्याने सुधारल्याच नाहीत. टाकीजवळच्या अर्ध्या एकरात एकही ठोंब उरला नव्हता. तिथे बी पडायला आईच नव्हती, आणि पडलेलं बी खपलीवरून वाहून जात होतं. तिथे मे महिन्यात उताराला आडव्या, टिकावाने चार बोटं खोल रेघा ओढल्या. बंद तुकड्यातून गोळा केलेलं कुसळी आणि पवन्याचं बी माती-शेणाच्या गोळ्यांत घालून त्या रेघांत टाकलं आणि वर काट्या पसरल्या. काट्यांनी शेळ्या अडतात, आणि वाहतं पाणी, पाचोळा, बी तिथे थबकतं. पहिल्या वर्षी निम्मे गोळे उगवलेच नाहीत. पण उगवलेले ठोंब यंदा टिकून आहेत.

मोठ्या गटांना तिसऱ्या तुकड्यावर अजून ताण येतो. गवत मुठीपर्यंत येतं आणि शेळ्या न्यायला दुसरी जागा नसते. यंदा त्यासाठी आमच्यातल्या काहीजणींनी सहाच्या जागी चार शेळ्या ठेवल्या आणि करडं श्रावणाआधी विकली. ज्यांच्या चारच होत्या, त्यांच्या चारच राहिल्या. ७० दिवसांचा आकडा अजून फळ्यावर आहे, दर दिवाळीला चौकोन कापून तो बदलायचा असं ठरलंय.

तुमच्या गायरानावर मोजायचं असेल तर पहिली मोजणी येत्या दिवाळीला करा आणि दुसरी मे महिन्यात. सळई आणि डबा मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू द्या. जवळपास जनावर न शिरणारी एक जाळी शोधून ठेवा, तुमचा आकडा तिच्याशी ताडून बघायचा आहे.